चिठ्ठीवरचे १-०-१ आणि हातातल्या पट्ट्या

एक चूक सांगतो, आणि तिच्यातला अर्धा वाटा माझा आहे. बारा वर्षांचा एक मुलगा घसादुखी आणि ताप घेऊन आईबरोबर दवाखान्यात आला. टॉन्सिलवर पांढरे ठिपके होते, मानेच्या गाठी दुखऱ्या होत्या, खोकला मात्र मुळीच नव्हता. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा संसर्ग मानून मी अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम, १-०-१, दहा दिवस असे लिहून दिले.

१-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. दिवसाला दोन, दहा दिवसांचे वीस. दुकानात ५०० च्या कॅप्सूल संपल्या होत्या, म्हणून दुकानदाराने २५० च्या दिल्या आणि "एका वेळी दोन घ्या" असेही बजावले. त्याचे सांगणे अगदी बरोबर होते. पण पट्ट्या त्याने दोनच दिल्या. माझ्या चिठ्ठीवरून त्याच्या डोक्यात वीस हा आकडा बसला होता, आणि तो आकडा मात्रांचा होता, कॅप्सूलचा नव्हे.

औषध सोमवारी रात्री सुरू झाले. बुधवारपर्यंत ताप उतरला. शनिवारी सकाळी कॅप्सूल संपल्या. मुलगा खेळायला लागला होता. "औषध संपले म्हणजे कोर्स संपला," असे त्या माउलीला वाटले तर तिला दोष कसा द्यावा?

बाराव्या दिवशी ती मुलाला घेऊन परत आली. घसा पुन्हा लाल, गाठी पुन्हा दुखऱ्या. मी रिकाम्या पट्ट्या मागवल्या. तिने जपून ठेवल्या होत्या म्हणून उलगडा झाला. मग तिच्यासमोर कागद घेऊन बसलो.

हिशेब तीन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी एका वेळच्या मात्रेची: चिठ्ठीवर ५००, पट्टीवर २५०, म्हणून एका वेळी दोन कॅप्सूल. दुसरी दिवसाची: दोन वेळा दोन, म्हणजे चार. तिसरी कोर्सची: चार गुणिले दहा दिवस, म्हणजे चाळीस. दहाच्या चार पट्ट्या हव्या होत्या, मिळाल्या दोन. लोक बहुधा पहिली पायरी गाळतात, कारण चिठ्ठीवरचा '१' म्हणजे एक गोळी असे डोळ्यांना वाटते. खरे म्हणजे तो '१' लिहिलेल्या ताकदीच्या एका गोळीचा आहे. ताकद बदलली की तो आकडाही बदलतो.

दिवस मोजण्यातही एक खाच आहे. पहिली मात्रा सोमवारी रात्री घेतली, म्हणजे त्या दिवशी एकच झाली. पुढचे नऊ दिवस पूर्ण घेतले की एकोणीस होतात आणि विसावी अकराव्या दिवशी सकाळी येते. म्हणून दहा तारखा खोडून थांबू नये, मात्रा मोजाव्यात.

चूक झाली आहे का, हे मधेच ओळखता येते. गुरुवारी रात्रीचे औषध घेतल्यावर सात मात्रा झाल्या, तेरा उरल्या. त्यासाठी घरात सव्वीस कॅप्सूल असायला हव्या होत्या. त्या घरात सहाच होत्या. कोणी त्या रात्री मोजल्या असत्या तर शुक्रवारी उरलेल्या वीस आणता आल्या असत्या.

उलट प्रकारही घडतो. पट्टी पंधराची असेल तर चाळीससाठी तीन पट्ट्या घ्याव्या लागतात आणि पाच उरतात. त्या उरल्या म्हणून घेत राहायच्या नाहीत, आणि धाकट्या भावाच्या घशासाठी डब्यात राखूनही ठेवायच्या नाहीत. (असे डबे मी पुष्कळ घरांत पाहिले आहेत, कापलेल्या पट्टीवर औषधाचे नावही धड उरलेले नसते.) अंगावर पुरळ उठले किंवा श्वास लागला तर मात्र गोळ्यांचा हिशेब बाजूला ठेवून औषध थांबवावे आणि लगेच डॉक्टरांना गाठावे. आणि 'ताप आल्यास' म्हणून लिहिलेल्या पॅरासिटामॉलला हा गुणाकार लागू नाही. ताप गेला की ती गोळीही थांबते.

या घशाला दहा दिवस औषध देण्याचे कारण केवळ घसा नसते. स्ट्रेप्टोकॉकस पुरता गेला नाही तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक फिव्हर होतो आणि त्यात हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. त्या मुलाला मी पुन्हा पूर्ण कोर्स दिला. पुढचा महिनाभर तो तपासायला आला की छातीला नळी लावताना मी नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकत राही. सांधे सुजले नाहीत, हृदयाचे ठोके स्वच्छ राहिले.

तेव्हापासून माझ्या चिठ्ठीवर दिवसांच्या पुढे 'एकूण २०, ५०० मिलिग्रॅमच्या' असेही लिहिलेले असते. दुकानातून पट्ट्या आणल्या की त्या आईचा फोन येतो, "डॉक्टर, मोजल्या, वीस आहेत."