खरं ड्रॉइंग कुठलं?

कणकवलीजवळच्या एका छोट्या कारखान्यात मी ड्रॉइंग आणि स्टोअर सांभाळायचो. तिथे काजूबी फोडायची पायाने चालवायची यंत्रं बनत. वाफवलेली बी दोन वाकड्या पात्यांच्या मधे धरायची, हँडल ओढलं की पाती कवचात रुततात, पायडल दाबलं की कवच उघडतं आणि गर अख्खा निघतो. पात्याची खोलगट जागा बीच्या मापाची नसेल तर गर फुटतो, आणि अख्ख्या गराचा भाव तुकड्याला मिळत नाही.

आमची मूळ पाती 'वेंगुर्ला-४'च्या बीसाठी होती. ती बी साधारण पावणेआठ ग्रॅमची. १९९७ साली वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राकडून आलेल्या 'वेंगुर्ला-७'ची बी दहा ग्रॅमच्या आसपास. या जातीच्या बागा धरू लागल्या तशी मोठ्या पात्यांची मागणी आली. नवं पातं रुंद झालं आणि त्याच्या दोन बोल्टांमधलं अंतर ३२ मिलिमीटरवरून ३८ वर गेलं. पातं जिथे बसतं तो बिडाचा होल्डरही त्यामुळे बदलायला हवा होता.

ड्रॉइंग दुरुस्त झालं, कोपऱ्यात 'ए'चं 'बी' झालं आणि सगळ्यांना वाटलं काम संपलं. नवी पाती आली. होल्डर कोल्हापूरच्या फाउंड्रीतून फोंडा घाट उतरून आले ते जुन्याच मापाचे. फाउंड्रीकडे ड्रॉइंगचा जुना फोटो मोबाइलमध्ये होता, आणि लाकडी पॅटर्न तर कागद बदलल्याने बदलत नाही. जोडणीच्या मेस्त्रींनी गोल कानस घेतली, भोकं लांबट केली आणि ६२, ६३, ६४ नंबरची यंत्रं जोडून दिली. लांबट भोकात पातं सरकतं. आठवड्याभरात गर फुटत असल्याची तक्रार आली.

तेव्हापासून मी एक खूण पक्की धरली: जोडणीच्या टेबलावर कानस किंवा ड्रिल निघालं, की काम थांबवायचं आणि ड्रॉइंगचं अक्षर बघायचं. सुटे भाग मापात असतील तर जोडणीला फक्त पाना लागतो.

मग आम्ही बदलाचा एक पानी कागद ठरवला. त्यात पहिला प्रश्न असे: नवा भाग जुन्या यंत्रात बसतो का, आणि जुना नव्यात? दोन्हीकडे बसत असेल तर नंबर तोच ठेवून फक्त अक्षर पुढे न्यायचं. बसत नसेल तर नवा नंबरच द्यायचा. पातं आणि होल्डर या दोन्हींना इथे नुसतं 'बी' देणं चूक होतं. एकाच नंबराखाली, एकाच खणात, एकमेकांना न बसणारे दोन भाग पडून होते. नवे नंबर दिले आणि खण वेगळे केले. (अक्षरांत आय आणि ओ आम्ही वगळायचो, ती एक आणि शून्यासारखी दिसतात.)

दुसरा प्रश्न: बदल कुठल्या यंत्रापासून? तारीख लिहून भागत नाही, कारण त्या तारखेला अर्धवट जोडलेली यंत्रं उभी असतात. म्हणून यंत्राचा नंबर लिहायचा. जुने होल्डर ११ शिल्लक होते आणि जुनी पाती ४० जोड. लहान बीवाली गिऱ्हाइकं होतीच, तेव्हा ६५ ते ७५ ही यंत्रं भागांच्या जुन्या यादीने आणि ७६ पासून नव्या यादीने करायची असं ठरलं. उरलेले २९ जोड आधीच विकलेल्या यंत्रांच्या सुट्या भागांसाठी बाजूला ठेवले. ६२ ते ६४ ला योग्य होल्डर आल्यावर ते बदलून दिले आणि त्यांच्यापुढे यादीत तशी नोंद केली. जुनी यादी खोडली नाही. दोडामार्गहून कोणी ४० नंबरच्या यंत्राचं पातं मागतो, तेव्हा तीच उघडावी लागते.

तिसरा प्रश्न: जुना कागद कुठे कुठे आहे? नवी प्रत हातात देण्याआधी जुनी परत घ्यायची, ड्रिल मशीनजवळ चिकटवलेली सुद्धा. एकदा दोन प्रती समोर धरून मेस्त्रींनी विचारलं होतं, "भाऊ, ह्यातला खरा खयचा?" जोडणीच्या माणसाला जोवर हा प्रश्न पडतो, तोवर बदल झालेलाच नसतो.

फाउंड्रीसाठी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक ऑर्डरीवर भागाचा नंबर आणि अक्षर लिहून ड्रॉइंग नव्याने जोडायचं. आणि पॅटर्नवरच नंबर-अक्षराचा उठाव बसवायचा, म्हणजे तो प्रत्येक होल्डरच्या अंगावर ओतला जातो. टेंपो रिकामा करणारा पोरगाही तो वाचू शकतो आणि चुकीचा माल दारातच बाजूला काढतो.

ही पद्धत वहीवर चालली, कारण यादी बदलण्याचा हक्क एकाच माणसाकडे होता. दोघं बदलू लागले की वही पुरत नाही, मग संगणकावर कुलूपबंद यादी लागते. पण प्रश्न तिथेही हेच तीन विचारावे लागतात.