गव्हाची उणीव, डाळीची भर

शाकाहारातील प्रथिने अपुरी असतात, हे वाक्य हल्ली व्यायामशाळेतून व्यापाऱ्यांच्या घरांपर्यंत पोहोचले आहे. तरुण नातू ते आजीला ऐकवतो आणि एकासणाची सवय असलेली आजी आपल्या ताटाविषयी साशंक होते. या वाक्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

शरीर स्वतः तयार करू शकत नाही अशी नऊ अमिनो आम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात. त्यांपैकी जे गरजेच्या मानाने सर्वांत कमी पडते, तेच प्रथिनाची प्रत ठरवते. गव्हात हे स्थान लायसिनचे आहे. गव्हाच्या एक ग्रॅम प्रथिनात सुमारे २७ मिलिग्रॅम लायसिन असते. तीन वर्षांवरील सर्वांसाठी अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये धरलेले प्रमाण मात्र ४८ आहे. म्हणजे गहू एकटा असला की गुण ५६ टक्क्यांवर थांबतो. त्याला पचनीयतेने गुणले की तो आणखी खाली येतो. दूध आणि अंडी यांना या मापात पूर्ण गुण मिळतात. तुलना येथूनच सुरू होते.

पण ताटात गहू एकटा नसतो. १०० ग्रॅम कणकेत सुमारे १२ ग्रॅम प्रथिने आणि ३२४ मिलिग्रॅम लायसिन असते. ५० ग्रॅम तूरडाळीत ११ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ७७० मिलिग्रॅम लायसिन असते. दोन्ही मिळून २३ ग्रॅम प्रथिनांमागे १,०९४ मिलिग्रॅम होते, म्हणजे ग्रॅममागे जवळजवळ ४८. पचनीयतेची वजावट येथेही करावीच लागते, परंतु लायसिनची तूट राहत नाही.

अडचण प्रमाणाची आहे. पातळ वरणाच्या एका वाटीत जेमतेम २०-२५ ग्रॅम डाळ असते. तेवढ्याने गुण ८४ च्या आसपास येतो. डाळ परवडत असूनही पोळ्या वाढत जातात आणि वरण पातळ होत जाते, अशी घरे कमी नाहीत. तेथे २०० मिलिलिटर दूध हाच आकडा १०० च्या पुढे नेते. कच्च्या दह्याबरोबर डाळ टाळण्याचा द्विदळाचा नियम यात आड येत नाही, कारण डाळ आणि दूध एकाच घासात असण्याची गरज नाही; दिवसभराच्या आहारात दोन्ही असले तरी हिशेब जुळतो. एकासणात मात्र दिवसभराचा आहार एकाच बैठकीत होतो, म्हणून वाटीतील डाळ घट्टच हवी.

खाखऱ्याचे थोडे निराळे आहे. कणीक खरपूस भाजताना लायसिन साखरेशी जोडले जाते आणि त्याचा काही भाग शरीराला वापरता येत नाही. आधीच जे कमी, तेच आणखी घटते. चहा-खाखऱ्यावर संध्याकाळ निभावणाऱ्या वृद्धांच्या घरात मुगाची घट्ट डाळ सूर्यास्तापूर्वी शिजलेली असावी.