मार्कांची एक्स्पायरी डेट

आमच्या विचुंबेच्या घरात यंदा दोन जुने स्कोअरकार्ड आहेत. एक माझं, गेट २०२४ चं. दुसरं माझ्या मावसभावाचं, एमएचटी-सीईटी २०२५ चं, ९१ पर्सेंटाइल. त्याचं माझ्याहून ताजं, तरी यंदा माझंच चालणार. मावशीला हे पटेना. "अगं, तुझं तर दोन वर्षांचं शिळं!"

भाऊ मागच्या वर्षी बीएस्सीला गेला. आता त्याला इंजिनिअरिंग हवंय आणि परत परीक्षा नकोय. पण ९१ पर्सेंटाइल म्हणजे ९१ टक्के मार्क नव्हेत. त्याच्या सत्रात, त्याच पेपरला बसलेल्यांपैकी ९१ टक्के मुलं त्याच्याइतके किंवा त्याहून कमी मार्क मिळवून गेली, एवढाच त्याचा अर्थ. तो रांगेतला नंबर आहे. यंदाच्या रांगेत माणसं वेगळी, पेपर वेगळा. म्हणून सीईटीचा स्कोअर त्या एका वर्षाच्या प्रवेशापुरताच. जेईई मेनचंही तेच.

गेटमध्ये मार्क वेगळे आणि हजारपैकी दिलेला स्कोअर वेगळा. त्या वर्षीच्या पात्रता मार्कांना ३५० धरतात, अगदी वरच्या मुलांच्या सरासरीला ९००, आणि मधले सगळे त्या मापात बसवतात. समजा, एका वर्षी पात्रता ३० मार्कांना आणि वरची सरासरी ८०. ५० मार्कवाल्याचा स्कोअर ५७०. दुसऱ्या वर्षी पेपर अवघड, पात्रता २५ ला, सरासरी ७५. त्याच ५० मार्कांचे आता ६२५ होतात. पेपर किती अवघड होता, ते स्कोअरमध्येच मुरलेलं असतं. म्हणून वेगवेगळ्या वर्षांचे स्कोअर एका यादीत शेजारी ठेवता येतात, आणि गेट निकालापासून तीन वर्षं चालते. माझा निकाल १६ मार्च २०२४ चा. म्हणजे २०२६ च्या एमटेक प्रवेशाला तो चालतो.

यात दोन खाचा आहेत. स्कोअर तीन वर्षं जगतो, पण स्कोअरकार्ड डाउनलोड करायची खिडकी त्याच वर्षी बंद होते. आमच्या वेळी ३१ मे २०२४ पर्यंत फुकट, मग ३१ डिसेंबरपर्यंत ५०० रुपये भरून, आणि त्यानंतर मिळणारच नाही. मी मे महिन्यातच पीडीएफ उतरवून स्वतःला मेल करून ठेवली होती. तळोज्याच्या नोकरीत मधे फोन बदलला, फाइल टिकली. दुसरी खाच नोकरीची: सरकारी कंपन्या भरतीला बरेचदा ठरावीक वर्षाचीच गेट मागतात. तिथे तीन वर्षांची मुदत कामाची नाही. जाहिरातीत कोणतं वर्ष लिहिलंय, ते बघायचं.

भावाला मी हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, म्हणजे मला परत रांगेत उभं राहायचंय."

हो. पण बारावीचे मार्क तेच राहतात. बोर्डाची परीक्षा परत द्यायची नाही. फक्त सीईटी.