‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण?

सिल्वासातल्या एका छोट्या गृहउद्योगासाठी मी गेले वर्षभर मजकूर संपादित करते. ते नागलीचं पीठ, पापड आणि बिस्किटं विकतात. नागली म्हणजे पुण्या-मुंबईची नाचणी. त्यांची एक लेखमाला आहे आणि तिच्यात चार पाहुणे आळीपाळीनं लिहितात: एक निवृत्त गुरुजी, वापीच्या एक आहारतज्ज्ञ बाई, मुंबईचा एक खवय्या आणि खानवेलकडची माझी वारली मैत्रीण. लेखक चार असले, तरी वाचणाऱ्याला हे एकाच घरातून आलंय असं वाटायला हवं. माझं काम तेवढंच.

कारखान्यानं पत्रिका काढायची ही कल्पना मराठीला नवी नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानं १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक होते, आणि त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. कारखान्याच्या बातम्यांपुरतं असलेलं पत्रक बाहेरच्या लेखकांसाठी खुलं झालं, की घराचा आवाज कुठला आणि पाहुण्याचा कुठला हे ठरवावंच लागतं.

आवाज म्हटलं की सगळ्यांना आधी शब्द आठवतात. मराठीत मात्र खरी मेख सर्वनामांत असते. मी काम हाती घ्यायच्या आधी मैत्रिणीचा एक लेख जसाच्या तसा छापला गेला होता. ‘आम्ही उतारावर नागली लावतो,’ असं तिनं लिहिलं होतं. तिच्या मनात होता तिचा पाडा. वाचकांना वाटलं, हे दुकानवालेच बोलतायत. मग शेत बघायला कधी येऊ, म्हणून दुकानात फोन! उद्योगाची स्वतःची गुंठाभरही जमीन नाही, ते नागली विकत घेतात. म्हणजे एका सर्वनामामुळे नसलेला दावा छापला गेला.

म्हणून आमच्या एकपानी सूचनापत्रात पहिला नियम सर्वनामांचा आहे. ‘आम्ही’ फक्त उद्योगानं म्हणायचं. पाहुण्यानं ‘मी’ म्हणायचं, नाहीतर ‘आमच्या पाड्यावर’, ‘आमच्या घरी’ असं स्पष्ट लिहायचं. वाचकाला ‘तुम्ही’. ‘आपण’ टाळायचं, कारण त्याचा अर्थ ‘तुम्ही’ही होतो आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असाही होतो.

दुसरा नियम दाव्यांचा. १०० ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, हे लिहायला हरकत नाही. ‘रामबाण’, ‘आजार बरा होतो’ हे मात्र कोणीच लिहायचं नाही. तिसरा नियम नावांचा: सगळीकडे ‘नागली’, आणि प्रत्येक लेखात फक्त पहिल्यांदा ‘म्हणजे नाचणी’ ही जोड. बस्स, एवढंच. आठवणी, उपमा, विनोद, वाक्याची चाल हे सगळं पाहुण्याचं.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते सांगते. गुरुजींचं पहिलं वाक्य होतं, ‘नागली हे अत्यंत पौष्टिक तृणधान्य असून आपण सर्वांनी त्याचे सेवन अवश्य करावे.’ ते असं झालं: ‘नागलीची भाकरी तुम्ही शेवटची कधी खाल्लीत?’ हा प्रश्न मी रचला नव्हता, त्यांच्याच तिसऱ्या परिच्छेदात तो दडून बसला होता. मी तो फक्त वर आणला. मैत्रिणीच्या नव्या लेखात होतं, ‘आम्ही राब भाजतो, मग आय रोपं लावते.’ तिथे ‘आम्ही’च्या आधी ‘आमच्या पाड्यावर’ घातलं आणि राब म्हणजे पालापाचोळा जाळून तयार केलेली रोपांची जागा, हे अर्ध्या वाक्यात सांगितलं. ‘आय’ला हात लावला नाही. तिथे ‘आई’ केलं असतं तर शुद्धलेखन जिंकलं असतं आणि माणूस हरला असता.

संपादन जास्त झालंय हे ओळखायची माझी एक साधी युक्ती आहे. चारही लेखांवरची नावं झाकायची आणि मोठ्यानं वाचायचं. कोणता कोणाचा हे ओळखू आलं नाही, तर मी जास्त पुसलंय. याउलट, वाचताना ‘हे नक्की कोणाला उद्देशून आहे?’ असं मध्येच वाटलं, तर कमी पुसलंय. शेवटी प्रत लेखकाकडे परत जाते, आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय छापत नाही.

याला मर्यादाही आहे. नियमांनी संबोधन सांभाळता येतं, जिव्हाळा नाही. मुंबईच्या खवय्यानं नागलीचं शेत कधी पाहिलेलं नाही. त्याच्या लेखात ‘मातीचा सुगंध’ तीनदा आला, तेव्हा मी ते तिन्ही काढले आणि त्याला विचारलं, ‘तू प्रत्यक्ष काय खाल्लंस ते सांग ना.’ मग त्यानं जळालेल्या पहिल्या पापडाबद्दल लिहिलं. तो लेख पूर्ण त्याचा होता, आणि तरी आमच्या घरातलाच वाटला.