कॅप्शनमधली मस्करी कोण भोगतं?

लग्नसराईत वस्तीतल्या प्रत्येक फोनवर एकच उद्योग चालतो. फोटो काढायचा, खाली एक ओळ टाकायची आणि मित्रांचे हसरे चेहरे मोजायचे. आम्ही वस्तीत काम करणारी माणसं आहोत. दोन घरांत ताणाताणी झाली की मध्ये बसायला आम्हाला बोलावतात. हुंडा, दारू, जागेची वाटणी ही कारणं जुनीच आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांत एका कारणाची भर पडली आहे, आणि ते ऐकून आधी हसू येतं: कुणीतरी फोटोखाली लिहिलेली ओळ. पण पुढची हकीकत ऐकली की हसू मावळतं.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. नावं, गाव सांगत नाही, त्याची गरजही नाही.

मुलीचे वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. लग्न साधंच, बौद्ध पद्धतीनं. तरीही मंडप, जेवण आणि पाहुण्यांचा खर्च मिळून त्यांनी पतसंस्थेकडून दीड लाखाचं कर्ज काढलं होतं. पाठवणीच्या वेळी ते मंडपाच्या खांबाला टेकून रुमालानं डोळे पुसत होते. नवरदेवाच्या चुलत भावानं तो क्षण टिपला आणि रात्री व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं: "जेव्हा मंडपवाल्याचं बिल हातात येतं…" पुढे रडेस्तोवर हसणारे तीन चेहरे. मित्र तुटून पडले. "कडक", "एक नंबर" अशी उत्तरं आली.

पोरगा वाईट नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर वाचणारे फक्त मित्र होते. चूक इथूनच सुरू होते, म्हणून आधी यंत्राची गोष्ट समजून घेऊ. व्हॉट्सॲपचं स्टेटस, सेटिंगमध्ये काही बदल केला नसेल तर, ज्यांचा नंबर आपण सेव्ह केला आहे आणि ज्यांनी आपलाही केला आहे त्या सगळ्यांना दिसतं. लग्नाच्या आधी पंधरा दिवस काय होतं? गाडी ठरवायची असते, कपडे पोचवायचे असतात, पाहुण्यांना रस्ता सांगायचा असतो. मुलीची मावशी, मामा, व्याह्यांचे शेजारी यांचे नंबर आपण घेतो, ते आपला घेतात. मित्रांसाठी म्हणून वापरत असलेली खिडकी आता व्याह्यांच्या अंगणातही उघडलेली असते, आणि आपल्या लक्षातही येत नाही.

सकाळी मुलीच्या मावशीनं स्टेटस पाहिलं. तिला ओळ नीट कळली नाही म्हणून तिनं भाच्याला वाचायला दिली. बारा वर्षांच्या त्या पोरानं ती चारचौघांत मोठ्यानं वाचली. इथे लक्ष द्या. हसरे चेहरे कुणी वाचून दाखवत नाही. मित्राच्या कानात वाजणारा त्या पोराचा चेष्टेखोर आवाजही वाचताना येत नाही. उरते ती कोरडी ओळ: बाप पोरगी जाते म्हणून रडत नव्हता, पैसे जातात म्हणून रडत होता. समोर तोच बाप बसलेला, ज्याच्या खिशात पतसंस्थेचं पुस्तक आहे.

ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी मुलीला माहेरी आणायला मात्र स्वतः गेले नाहीत, धाकट्या मुलाला पाठवलं. सासरच्यांना तो आपला अपमान वाटला: "व्याह्यांना आमच्या दारात यायला कमीपणा वाटतो का?" मग दोन्हीकडून फोन बंद. आणि या सगळ्याच्या मधोमध उभी होती ती नवी नवरी. सासरी तिला ऐकावं लागलं की तुझे वडील तिरसट आहेत. माहेरी विचारलं गेलं की तुझ्या सासरची माणसं आमच्यावर हसतात तेव्हा तू गप्प कशी बसतेस. ओळ लिहिली एकानं, हसले दहा जण, भोगलं तिनं. त्या घरात येऊन तिला चार दिवसही झाले नव्हते. तिचा शब्द तिथे सगळ्यात हलका होता.

हे ऐकल्यावर तरुण कार्यकर्ते आम्हाला एक प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे. "थोरामोठ्यांचा मान राखा, गप्प बसा हे तर जुन्या व्यवस्थेचं सांगणं. आपण प्रश्न विचारणारी माणसं. मग विनोदावर पहारा कशाला?"

आमचं म्हणणं असं की इथे वयाचा मान हा मुद्दाच नाही. मुद्दा दोन आहेत: उत्तर देण्याची सोय आणि लिहिलेल्या शब्दाचं वजन.

पहिला मुद्दा. थट्टेचं नातं ही समाजशास्त्रात नीट अभ्यासलेली गोष्ट आहे. रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञानं 1940 साली त्यावर निबंध लिहिला. त्याचं सार असं की काही नात्यांत चिडवायला समाजानंच परवानगी दिलेली असते, आणि समोरच्यानं राग मानायचा नसतो. आपल्याकडे दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी ही तशी नाती. सासू-सासऱ्यांशी मात्र अंतर राखून वागायचं असतं. पूर्वी लग्नात विहिणीला चिडवणारी गाणी म्हटली जायची, ती बोचरीही असायची. पण ती तोंडावर म्हटली जायची, समोरून उलट गाणं यायचं, आणि मंडप उतरला की थट्टाही संपायची. त्या चुलत भावाला वहिनीची चेष्टा करायची मुभा होती. वहिनीच्या वडिलांची नव्हती, आणि त्या वडिलांना उलट उत्तर द्यायला जागाही नव्हती. स्टेटसला त्यांनी काय उत्तर द्यायचं होतं? त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता.

आपल्या जलशांनीही थट्टा केली, आणि जोरात केली. पण ती सावकाराची, धर्माच्या नावावर लुबाडणाऱ्याची होती. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यावर हसणं आणि कर्ज काढून लेकीचं लग्न करणाऱ्यावर हसणं, या दोन्हींना विनोद हे एकच नाव देऊन चालणार नाही.

दुसरा मुद्दा आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्यासाठी टाईप करणं म्हणजे बोलणंच. आधीच्या पिढीसाठी लिहिणं आणि बोलणं यांत मोठं अंतर आहे. त्यांच्या आयुष्यात लिहिलेला शब्द आला तो शाळेचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, कोर्टाची नोटीस या रूपांत. कागदावर आलं म्हणजे पक्कं झालं, हे त्यांनी अनुभवातून शिकलेलं आहे. म्हणून तीच ओळ तो पोरगा मंडपात त्यांच्यासमोर बोलला असता, तर कदाचित त्यांनी पाठीत धपाटा घालून सोडून दिलं असतं. लिहिली गेली तेव्हा त्यांनी ती साक्ष म्हणून वाचली. आपण तोंडची गोष्ट कागदाच्या साच्यात घालतो आणि मग म्हणतो, एवढं काय मनावर घ्यायचं.

मग फोटोखाली काहीच लिहायचं नाही का? लिहायचं. आम्ही पोरांना एक साधी परीक्षा सांगतो. टाकण्याआधी ती ओळ इमोजी काढून वाचा, आणि असं समजा की एक लहान मूल ती फोटोतल्या माणसासमोर, त्याच्या पाहुण्यांच्या देखत मोठ्यानं वाचत आहे. मग विचारा: हसू कशावर उभं आहे? प्रत्येक विनोद कुठल्या तरी खऱ्या गोष्टीवर टेकलेला असतो. ती खरी गोष्ट पैसा, रंग, अंगकाठी, शिक्षण, जेवण किंवा पाहुणचार असेल, तर ओळ टाकू नका.

त्याच पोराबरोबर बसून आम्ही हे करून पाहिलं. तो म्हणाला, "ठीक आहे, मी स्वतःवरच विनोद करतो." त्यानं लिहिलं: "नवरदेवाचा भाऊ म्हणून दिवसभर मिरवलो, पंगतीला बसलो तेव्हा नुसता भात उरला होता." वाटतं निरुपद्रवी, कारण हसणारा स्वतःवरच हसतो आहे. परीक्षेला लावली की दिसतं, ही पहिलीपेक्षा वाईट आहे. जेवण मुलीकडच्यांनी दिलं होतं. जेवण कमी पडलं असं वरपक्षातल्या माणसानं लिहिणं, यापेक्षा मोठा ठपका यजमानावर नाही. म्हणजे नुसतं "मी" लिहून भागत नाही, विनोद टेकला आहे कशावर ते बघावं लागतं. तिसऱ्या खेपेला त्यानं लिहिलं: "सकाळपासून नवरदेवाचा फेटा सांभाळतोय. माझा कुठे गेला, पत्ता नाही." ही ओळ कुणीही, कुणाहीसमोर वाचावी. आजीही हसेल, मित्रही हसतील. रडणाऱ्या बापाच्या फोटोला मात्र तिन्ही खेपांत योग्य ओळ सापडली नाही. तो फोटो ओळ मागतच नव्हता.

फक्त मित्रांसाठीच असेल तर स्टेटसच्या सेटिंगमध्ये निवडक लोकांनाच दाखवायची सोय आहे, ती वापरा. पण तिच्या भरवशावर राहू नका. स्क्रीनशॉट कुणी काढला हे आपल्याला कळत नाही, आणि निवडलेल्या मित्रांमध्येच एखादा मुलीच्या मावसभावाचा दोस्त असतो.

आणि ओळ गेलीच असेल तर? त्या पोरानं आधी दुसरं स्टेटस ठेवलं होतं: "कुणाचा गैरसमज झाला असेल तर सॉरी." त्यामुळे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. शिवाय दोष लिहिणाऱ्याकडून वाचणाऱ्याकडे सरकला, जणू बापालाच विनोद कळला नाही. उपयोग झाला तो साध्या गोष्टीचा. नवरदेव भावाला घेऊन सासऱ्यांच्या घरी गेला. "मस्करी होती" हे वाक्य दोघांनीही उच्चारायचं नाही, असं आम्ही बजावलं होतं. नवरदेव म्हणाला, "मामा, ती ओळ चुकीची होती. आमच्या घरून लिहिली गेली, म्हणून मी आलो." सासरे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पैशासाठी रडायचं असतं तर मंडपात कशाला, पतसंस्थेत रडलो असतो." चहा झाला. पुढच्या वेळी लेकीला आणायला ते स्वतः गेले.

त्या एका वाक्याला उत्तर नव्हतं, आणि ते बोलायची संधी त्यांना दहा दिवसांनी मिळाली. ते दहा दिवस ज्या मुलीनं दोन्ही घरांचे टोमणे ऐकत काढले, तिचा चेहरा फोटोखाली ओळ लिहिताना डोळ्यांसमोर ठेवा. विनोद तिला पेलवेल का, एवढंच बघायचं आहे.