‘गोंधळ’ हा शेरा खोडावा

वाचा-उपचार हा माझा पेशा. बोलण्यात खरोखर अडचण असलेली मुलं मी रोज तपासते. म्हणूनच माझ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘भाषेचा गोंधळ आहे, घरी फक्त इंग्रजी बोला’ असा शेरा आला, तेव्हा मी शाळेला सविस्तर पत्र लिहिलं. त्यातला मुख्य भाग असा:

आदरणीय मॅडम,

पहिलीतला माझा मुलगा परवा घरी येऊन म्हणाला, “टीचरने माझी ड्रॉइंग सगळ्यांना दाखवली आणि मग मी ती बॅगेत पॅक केली.” तुमच्या वर्गशिक्षिकांना अशाच वाक्यांत गोंधळ दिसतो. मला त्यात चोख मराठी व्याकरण दिसतं. ‘ड्रॉइंग’ त्याने स्त्रीलिंगी धरलं आणि ‘माझी’, ‘दाखवली’, ‘ती’, ‘केली’ हे सगळं त्याच्याशी जुळवून घेतलं. स्वतः मुलगा असूनही तो ‘केली’ म्हणाला, कारण मराठीत अशा भूतकाळी वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं. इंग्रजीत हा नियमच नाही. ‘वाट’चं ‘वाटेत’ होतं तसं त्याने ‘बॅग’चं ‘बॅगेत’ केलं. ‘पॅक’ला थेट मराठी प्रत्यय न लावता पुढे ‘करणे’ घेतलं. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

भाषा मिसळणं म्हणजे भाषा न येणं नव्हे. भाषाशास्त्रज्ञ शाना पॉपलॅक यांनी न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन लोकांच्या बोलण्याचा अभ्यास 1980 मध्ये प्रसिद्ध केला. एकाच वाक्याच्या आत भाषा बदलणारे लोक बहुतेक दोन्ही भाषा उत्तम येणारे निघाले. वाक्य कुठेही तोडून चालत नाही. दोन्ही भाषांची रचना जिथे जुळते तिथेच सांधा बसतो, असं त्यांना आढळलं.

खरी अडचण असलेलं मूल मी कसं ओळखते, तेही सांगते. त्याची अडचण दोन्ही भाषांत दिसते: वाक्यं तोकडी राहतात, प्रत्यय गळतात, सांगितलेली गोष्ट क्रमाने परत सांगता येत नाही. माझा मुलगा साताऱ्याच्या आजीशी निव्वळ मराठीत बोलतो, तुमच्या वर्गात हळूहळू का होईना इंग्रजीत बोलतो, आणि भाषा मिसळतो ते आमच्याशी बोलताना, कारण आम्हाला दोन्ही कळतात. समोर कोण आहे हे पाहूनच तो भाषा निवडतो.

इंग्रजीच्या तासाला मात्र तो शब्द न आठवल्याने मराठी शब्द घालतो, हे मला मान्य आहे. तिथे त्याचा इंग्रजी शब्दसाठा कमी पडतो आणि तो वाढवायला हवा. पण घरची मराठी बंद केल्याने तो वाढणार नाही. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांसाठी शिक्षकांनी द्विभाषिक पद्धत वापरावी, असं 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं.

माझी विनंती एवढीच. शेरा खोडून ‘दोन्ही भाषांत बोलतो, इंग्रजी शब्द वाढवायला हवेत’ असं लिहावं. चित्रवर्णनाच्या तोंडी परीक्षेत त्याला आधी हवं तसं बोलू द्यावं, मग तेच इंग्रजीत सांगायला लावावं, आणि गुण देताना दोन्ही ऐकावं. वर्गशिक्षिकांची हरकत नसेल, तर त्या दिवशी मीही येऊन बसेन.