चेंडू फेकणारा हात

मुलीने मैदानावर खेळू नये, असा नियम आपल्या घरांत कोणी लिहून ठेवलेला नसतो. आठ-नऊ वर्षांपर्यंत ती भावाबरोबर लगोरी खेळते, सायकलवरून पडते, गुडघे फोडून घेते आणि कोणाला त्याचे विशेष वाटत नाही. मग अकराव्या-बाराव्या वर्षी घरातली भाषा बदलते. ‘उन्हात काळवंडशील’, ‘पायाला खूण राहील’, ‘आता मोठी झालीस’. यांतले एकही वाक्य म्हणजे मनाई नव्हे. प्रत्येकात काळजीच असते. तथापि दोन वर्षांत मुलगी मैदानातून अंगणात, अंगणातून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत आलेली असते. या स्थलांतरात तिच्या शरीराचे काय होते, हे पाहायचे असेल तर तिच्या हातात एक चेंडू द्यावा आणि लांब फेकायला सांगावे.

चेंडू हाताने फेकला जातो, असे आपल्याला वाटते. वस्तुतः तो पायापासून फेकला जातो. उजव्या हाताने फेकणारा सराईत मुलगा आधी डावा खांदा समोर करून तिरपा उभा राहतो, डावे पाऊल पुढे टाकतो. मग कंबर वळते, तिच्यामागून छाती, खांदा, कोपर आणि सर्वांत शेवटी मनगट. जमिनीतून निघालेले बळ असे टप्प्याटप्प्याने बोटांपर्यंत पोहोचते. सराव नसलेली मुलगी समोर तोंड करून उभी राहते, पाय जागचे हलत नाहीत, हलले तर उजवेच पाऊल पुढे येते, आणि केवळ कोपरापुढचा हात चेंडू ढकलतो. चेंडू आठ-दहा पावलांवर पडतो. ‘मुलीसारखा फेकला’ म्हणून आपण हसतो.

हा मुलीच्या हाडांचा दोष आहे काय? एक साधी परीक्षा घरीच घ्यावी. उत्तम चेंडू फेकणाऱ्या मुलाला त्याच्या नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने फेकायला सांगावे. त्याचेही पाय खिळतात, कोपर खाली येते आणि चेंडू जवळच पडतो. शरीर तेच, हात मात्र बिनसरावाचा. वयात आल्यावर मुलांचे खांदे रुंदावतात, स्नायू वाढतात, त्यामुळे वेगातला काही फरक राहणारच. परंतु पाऊल पुढे न टाकणे, कंबर न वळणे हे स्नायूंचे काम नाही. ते न मिळालेल्या सरावाचे काम आहे.

अमेरिकन तत्त्वचिंतक आयरिस मॅरियन यंग यांनी 1980 साली ‘मुलीसारखे फेकणे’ याच विषयावर एक निबंध लिहिला. त्यांचे निरीक्षण असे की, मुलीला आपले शरीर एकाच वेळी दोन प्रकारे जाणवते: काम करणारे शरीर आणि कोणीतरी पाहत असलेले शरीर. लक्ष असे दुभंगले की ती सर्वांगाने पुढे झेपावत नाही. एखादाच अवयव हलवते, उरलेला देह आवरून धरते.

हा निबंध मी निवृत्तीनंतर वाचला, पण त्यातले चित्र माझ्या ओळखीचे होते. नोकरीच्या काळात आमच्याकडे वार्षिक क्रीडादिन होत असे. पुरुषांसाठी क्रिकेट, कॅरम, धावण्याची शर्यत. महिलांसाठी संगीतखुर्ची आणि लिंबू-चमचा. एके वर्षी आम्ही लंगडी ठेवण्याचा आग्रह धरला. लाखोंची रोकड मोजून देणाऱ्या, स्ट्राँगरूमचे जड दार रोज ओढून बंद करणाऱ्या माझ्या सहकारी रिंगणाच्या कडेला पदर आवरीत उभ्या राहिल्या. ताकद कमी नव्हती. सर्वांसमोर पाय उचलण्याची सवय चाळीस वर्षांपूर्वीच सुटलेली होती.

गेल्या हिवाळ्यात मी बहिणीकडे दोन-अडीच महिने राहिले. बाजारपेठेतले घर, खाली दुकान, वर बिऱ्हाड. तिची नात बारा वर्षांची, नातू दहाचा. जुन्या सवयीने मी आठवडाभर दोघांच्या बाहेरच्या खेळाची नोंद ठेवली. नातू रोज सुमारे तासभर मैदानावर. नात सबंध आठवड्यात वीस मिनिटे, तीही शाळेच्या तासाला. कारण शोधू गेले तेव्हा कोणाची आज्ञा सापडली नाही, वेळापत्रक सापडले. मुले पाच वाजता शाळेतून येत. सूर्यास्त सहाच्या सुमारास, त्याआधी सर्वांची जेवणे. जेवून नातू मैदानाकडे पळे; नात आईबरोबर स्वयंपाकघर आवरी. ते आटोपेपर्यंत अंधार पडलेला असे, आणि अंधारात मुलीला बाहेर कसे पाठवायचे?

व्रत मोडण्याची गरज नव्हती. कामाची वाटणी आणि वेळ बदलायची होती. सुनेने ताटे-वाट्या उचलण्याचे काम नातवालाही लावले. नातीसाठी सकाळी सातनंतरचा अर्धा तास ठरला. ओढणीऐवजी सैल टी-शर्ट, ट्रॅकपँट आणि नीट बसणारी अंतर्वस्त्रे आणली. ही शेवटची गोष्ट घरात कोणी बोलत नाही. पण धावताना अंग अवघडते म्हणून कित्येक मुली याच वयात खेळ सोडतात. गोदामाच्या मागच्या भिंतीवर खडूने वर्तुळ काढले, दहा पावलांवर रेघ मारली आणि टेनिसचा चेंडू दिला.

पहिला आठवडा चेंडू वर्तुळात लागतो की नाही हे पाहिलेच नाही. फक्त डावे पाऊल रेघेपुढे पडते की नाही एवढेच पाहिले. पाऊल पडू लागले तशी कंबर आपोआप वळू लागली. दुसऱ्या आठवड्यात अडचण निराळीच निघाली. बोळातून कोणी गेले की ती थांबे, टी-शर्ट खाली ओढी आणि पुढचा चेंडू पुन्हा कोपरानेच ढकली. फेकण्याची रीत तिला आली होती. पाहणाऱ्याच्या नजरेत ती टिकत नव्हती. यावर शिकवणीचा इलाज नव्हता, सोबतीचा होता. शेजारच्या चार मुली आल्या. पाचजणी एकत्र ओरडू लागल्यावर बोळाकडे पाहायला कोणाला सवड राहिली नाही. दोन महिन्यांनी ती बावीस पावलांवरून भिंतीला चेंडू मारू लागली. पाळीच्या दिवसांत एकदा पोट दुखत होते तेव्हा ती स्वतःहून बसून राहिली, पुढच्या खेपेस दुखत नव्हते म्हणून खेळली. दोन्ही वेळा तिने कोणाला विचारले नाही. आपल्या अंगाचा अंदाज तिला स्वतःला येऊ लागला होता.

ती खेळाडू होईल असे मला म्हणायचे नाही. सांगलीच्या मारवाडी कुटुंबातली स्मृती मानधना भावाचा सराव पाहत नेटमध्ये गेली आणि नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात निवडली गेली. ती कर्तबगारी विरळाच. पण जी वाट तिला लहानपणी मिळाली ती फार साधी होती: भाऊ जिथे जातो, तिथे तिलाही नेले गेले.

घरच्यांची सुरक्षिततेची काळजी खोटी नसते. निर्जन मैदानावर तिन्हीसांजेला मुलीला एकटी कोणी सोडू नये. आमच्या बोळात या प्रश्नाचे उत्तर पाचजणींपैकी एकीच्या आजींनी दिले. सकाळी सात वाजता त्या प्लास्टिकची खुर्ची भिंतीलगत मांडतात आणि हातात जपमाळ घेऊन अर्धा तास तिथे बसतात.